माजी इंटर्नच्या रेफरन्सची ओळ: काळ दर वेळी का चुकतो आणि कसा दुरुस्त करायचा

अडचण अशी आहे. इंटर्नशिप संपवून गेलेल्या मुलीचा किंवा मुलाचा काही महिन्यांनी फोन येतो. "मॅडम, एका अर्जात रेफरन्स म्हणून तुमचं नाव दिलंय. दोन-तीन ओळी लिहून द्याल?" आपण आनंदाने हो म्हणतो, हातातलं काम बाजूला ठेवून पाच मिनिटांत लिहितो आणि पाठवून मोकळे होतो. मग तीन-चार दिवसांनी ती ओळ काहीतरी शंका घेऊन परत येते.

माझ्याकडे अशी ओळ तीनदा परत आली, आणि तिन्ही वेळा शंका वेगळी होती. पहिल्यांदा समोरच्या ऑफिसातून विचारणा झाली, "या अजून तुमच्याकडेच आहेत का? मग आमच्याकडे लगेच रुजू कशा होणार?" दुसऱ्यांदा ती मुलगीच चाचरत म्हणाली, "मॅडम, आईने वाचलं आणि ती म्हणाली, हे गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसं वाटतंय." तिसऱ्यांदा निवड करणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं, "त्यांनी काम केलं होतं असं लिहिलंय. म्हणजे नंतर काही झालं का?"

तिन्ही वेळा मी शब्द बदलत बसले. 'मेहनती'च्या जागी 'कष्टाळू' घातलं, 'उत्कृष्ट'च्या जागी 'उत्तम'. काही उपयोग झाला नाही, कारण चूक विशेषणात नव्हतीच, क्रियापदाच्या शेपटीत होती. 'आहेत', 'होत्या', 'केले होते', 'करत होत्या' ही रूपं आपण दिवसभर इतक्या सहज वापरतो की त्यातलं प्रत्येक रूप वाचणाऱ्याला काहीतरी वेगळं सांगतं, याकडे लक्षच जात नाही. लांब पत्रात ते खपून जातं, कारण आजूबाजूची वाक्यं सांभाळून घेतात. तीन ओळींत सांभाळायला कोणी नसतं.

खाली एका इंटर्नसाठी मी लिहिलेली पहिली ओळ जशीच्या तशी देते आणि ती कशी दुरुस्त केली ते सांगते. तिचं नाव अर्थातच गाळलं आहे.

"या आमच्या विभागात इंटर्न आहेत. त्या अत्यंत मेहनती, हुशार व प्रामाणिक होत्या. त्यांनी सर्व कामे उत्कृष्टपणे केली होती व वार्षिक अहवाल तयार करत होत्या. भावी वाटचालीस शुभेच्छा."

आता खरं काय घडलं होतं ते. ती १ फेब्रुवारी ते ३१ मे २०२४ असे चार महिने आमच्याकडे होती. आमच्याकडे तक्रारींचा जुना ढीग साचला होता, काही कागदावर, काही ईमेलमध्ये. तिने त्यातल्या ६१२ तक्रारी एकेक वाचून एका शीटमध्ये घेतल्या आणि त्यांचे नऊ प्रकार पाडले. दर सोमवारी ती निकाली न निघालेल्या तक्रारींची यादी मला द्यायची. त्यातल्या पहिल्या महिन्यातल्या दोन याद्या उशिरा आल्या, नंतर एकही नाही. शेवटच्या आठवड्यात दोन नव्या इंटर्नना तिने हे काम समजावून दिलं. वार्षिक अहवाल तिने सुरू केला, पण तो पूर्ण माझ्या सहकाऱ्याने केला. तक्रारदारांशी फोनवर बोलायला ती कचरायची, ते काम शेवटपर्यंत तिने टाळलं.

हे सगळं आठवून वहीत लिहायला मला दहा मिनिटं लागली. ही दहा मिनिटं वाचवायला गेलं की वरच्यासारखी ओळ तयार होते. क्रियापदाचा काळ ठरवायचा तर घटना डोळ्यांसमोर हवी. घटनाच नसेल तर हात आपोआप जुन्या साच्याकडे जातो.

पहिला बिघाड: "इंटर्न आहेत"

हा सगळ्यात सोपा बिघाड आहे. तो येतो कॉपी-पेस्टमधून. इंटर्नशिप चालू असताना कॉलेजसाठी आपण एक दाखला दिलेला असतो, त्यात 'आहेत' बरोबर होतं. तीच फाइल उघडून वर-खाली दोन शब्द बदलले की 'आहेत' तसंच राहून जातं. उपाय एवढाच की पद आणि तारखा सांगणारं वाक्य साध्या भूतकाळात लिहायचं आणि त्यात दोन्ही तारखा घालायच्या: "यांनी १ फेब्रुवारी ते ३१ मे २०२४ या काळात आमच्या विभागात इंटर्न म्हणून काम केले." शेवटची तारीख दिली की 'सध्या कुठे आहेत' हा प्रश्न उरत नाही. "त्या आमच्याकडे इंटर्न होत्या" हेही बरोबरच आहे. पदाला 'होत्या' चालतं, कारण पद खरोखरच संपलेलं असतं.

'माजी इंटर्न आहेत' असंही काही जण लिहितात. चुकीचं नाही, पण 'माजी' आणि 'आहेत' शेजारी आले की वाचणारा क्षणभर अडखळतो, आणि तीन ओळींत तेवढा अडथळासुद्धा टाळलेला बरा.

दुसरा बिघाड: "मेहनती होत्या"

खरी गोम इथे आहे, आणि मी सर्वांत जास्त वेळा चुकले तीही इथेच.

तारखांचं वाक्य भूतकाळात गेलं की पुढचं सगळं त्याच काळात ओढायचा मोह होतो. काळ एकसारखा ठेवावा असं शाळेत शिकलेलं असतं, म्हणून 'मेहनती'पुढेही 'होत्या' येतं. पण मराठीत स्वभावाच्या गुणापुढे 'होत्या' लावलं की दोनच अर्थ निघतात. एक, ती व्यक्ती आता हयात नाही. दुसरा, तो गुण आता राहिलेला नाही. "तो फार प्रामाणिक होता" हे वाक्य कुणासमोर नुसतं म्हणून बघा. ऐकणारा एकतर हळहळेल, नाहीतर "का, काय केलं त्याने?" असं विचारेल. त्या मुलीच्या आईला जे वाटलं ते अगदी बरोबर होतं. इंटर्नशिप संपली होती, मेहनतीपणा संपला नव्हता.

मग सरळ 'आहेत' करावं का? बहुतेक जण इथे तेच करतात, मीही केलं होतं. "त्या मेहनती व प्रामाणिक आहेत." वाचायला छान वाटतं, पण मी तिला शेवटचं पाहिलं त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. ती आज कशी काम करते हे मला कुठून माहीत असणार? 'आहेत' म्हणजे मी आजची हमी देते आहे, आणि ती हमी देण्याइतकी माहिती माझ्याकडे नाही. ओळ प्रामाणिक ठेवायची असेल तर हा प्रश्न टाळता येत नाही. गुण तिचा असला तरी तो ओळखणारी मी आहे, आणि माझी ओळख ३१ मेपर्यंतचीच आहे.

म्हणजे 'होत्या' तिच्यावर अन्याय करतं आणि 'आहेत' माझ्या माहितीच्या पुढे जातं. यातून वाट काढायला मराठीत तीन सोयी आहेत.

पहिली सोय 'वाटल्या', 'दिसल्या', 'जाणवली' या क्रियापदांची. "त्या मला बारकाईने काम करणाऱ्या वाटल्या." "नोंदी तपासण्यातली त्यांची अचूकता मला विशेष जाणवली." इथे भूतकाळ माझ्या अनुभवाला लागतो, तिच्या गुणाला लागत नाही. मला तेव्हा जाणवली एवढंच वाक्य म्हणतं, त्यामुळे आता ती अचूक राहिली नाही अशी शंका येत नाही. आणि वाक्य खरंही राहतं, कारण जाणवली होती हे मी शपथेवर सांगू शकते.

दुसरी सोय 'करणारा', 'करणारी' या रूपाची. त्याला स्वतःचा काळ नसतो. "एकदा सांगितलेली दुरुस्ती पुन्हा सांगावी न लागणारी इंटर्न म्हणून त्या माझ्या लक्षात आहेत." यात 'आहेत' आलं आहे, पण ते माझ्या लक्षात असण्याला लागतं, आणि माझ्या लक्षात त्या आजही आहेतच.

तिसरी सोय मला सर्वांत आवडते, ती म्हणजे विशेषणच काढून टाकायचं आणि त्याच्या जागी काम ठेवायचं. "मेहनती होत्या" हे पुसून "त्यांनी ६१२ जुन्या तक्रारींची प्रकारवार यादी तयार केली" असं लिहिलं की मेहनत वेगळी सांगावी लागत नाही. घडून गेलेल्या कामाला भूतकाळ शोभतो, तिथे हळहळ येत नाही. वाक्याला आकड्याचा आधार मिळतो आणि निवड करणाऱ्याला मुलाखतीत विचारायला धागा मिळतो: "सहाशे तक्रारींचे प्रकार कसे ठरवलेत?" त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असतं. "तुम्ही मेहनती आहात असं लिहिलंय" याला कुणाकडे काय उत्तर असणार?

तिसरा बिघाड: "केली होती"

'केले' आणि 'केले होते' यांत फरक काय, असं मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, फारसा नाही. बोलताना तो फरक खरंच पुसट होतो. पण कागदावर 'केले होते' वाचलं की वाचणारा पुढच्या वाक्याची वाट बघतो. "मी त्याला सांगितलं होतं" म्हटल्यावर कान आपोआप 'पण'साठी टवकारतात: सांगितलं होतं, पण त्याने ऐकलं नाही. हे रूप एका घटनेच्या आधीची घटना सांगायला असतं. ती दुसरी घटना ओळीत नसेल तर वाचणारा ती स्वतः कल्पून घेतो. त्या बाईंनी "नंतर काही झालं का?" असं विचारलं ते याच कारणाने.

म्हणून रेफरन्सच्या ओळीत 'होते', 'होती', 'होता' हे सहायक म्हणून आलेलं दिसलं की मी ते खोडून बघते. "त्यांनी यादी तयार केली होती" यातलं 'होती' खोडलं, "त्यांनी यादी तयार केली" उरलं, अर्थ शाबूत राहिला आणि 'पण'ची चाहूल गेली. दहापैकी नऊ वेळा खोडूनच काम भागतं. ज्या वेळी दुसरी घटना खरोखरच सांगायची असते, तेव्हा ती त्याच वाक्यात सांगावी: "आम्ही नवी पद्धत सुरू केली तेव्हा त्यांनी जुन्या नोंदी आधीच लावून ठेवल्या होत्या." हे चांगलं वाक्य आहे, कारण इथे आधीचं आणि नंतरचं दोन्ही समोर आहे.

'केली आहे' हा आणखी एक पर्याय लोक वापरतात. तो वाईट नाही, कारण कामाचा परिणाम अजून टिकून आहे असं तो सुचवतो. पण परिणाम खरोखर टिकून असेल तर तो सरळ वर्तमानकाळात सांगणं जास्त चांगलं. तिने केलेली यादी आम्ही अजून वापरत होतो. तेव्हा "त्यांनी प्रकारवार यादी तयार केली, ती आम्ही आजही वापरतो." या ओळीत वर्तमानकाळ आणायची ही सर्वांत प्रामाणिक जागा आहे. तिच्या तेव्हाच्या स्वभावाबद्दल मला माहीत नव्हतं, पण तिच्या यादीबद्दल पक्कं माहीत होतं, ती रोज माझ्या स्क्रीनवर उघडी असायची.

चौथा बिघाड: "तयार करत होत्या"

'करत होत्या' म्हणजे काम चालू असतानाचं चित्र. ते पूर्ण झालं की नाही हे त्या रूपातून कळत नाही. एखादं काम अर्धवट राहिलं असेल आणि ते सांगायला जीव धजत नसेल, तर हात नकळत 'करत होत्या'कडे वळतो. वार्षिक अहवालाच्या बाबतीत माझं अगदी तेच झालं. मुद्दाम काही केलं नव्हतं, पण वाचणाऱ्याला अहवाल तिनेच केला असा समज होऊ शकला असता, किंवा अहवाल अर्धाच टाकून ती गेली असाही. दोन्ही खरे नव्हते.

खरं सांगणारं रूप सापडतं, थोडं थांबून शोधावं लागतं. "वार्षिक अहवालाचा पहिला मसुदा तयार करण्यात त्यांचा सहभाग होता." किंवा अधिक नेमकं, "वार्षिक अहवालासाठी लागणारी आकडेवारी त्यांनी काढून दिली." दुसरं मला जास्त पटतं, कारण तिने नेमकं तेच केलं होतं आणि ते पूर्ण केलं होतं. अर्धवट कामातला पूर्ण झालेला तुकडा शोधायचा आणि त्याला साधा भूतकाळ लावायचा. तुकडा सापडलाच नाही तर ते काम ओळीत घेऊ नये.

या बिघाडाचा एक भाऊ आहे, 'करत असत'. हे रूप मात्र उपयोगी आहे आणि आपण ते पुरेसं वापरत नाही. पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामाला तेच शोभतं: "दर सोमवारी बाकी तक्रारींची यादी त्या तयार करून देत असत." यात नेम दिसतो. शिवाय हे रूप एखाद-दुसऱ्या अपवादाला जागा ठेवतं. त्या चार महिन्यांत सतरा सोमवार आले, पंधरा याद्या वेळेवर मिळाल्या, दोन उशिरा. 'देत असत' हे सतरांना धरून खरं आहे. 'कधीही उशीर केला नाही' हे खोटं ठरतं. 'नेहमी', 'कधीही', 'सर्व', 'प्रत्येक' हे शब्द ओळीत आले की मी प्रत्येकासाठी एक अपवाद आठवून बघते, आणि तो जवळपास प्रत्येक वेळी सापडतो. "सर्व कामे उत्कृष्टपणे" मधलं 'सर्व' तसंच गेलं, फोनचं काम आठवलं आणि ते टिकेना.

मग 'वेळेवर' हा शब्द घालावा का? मी घातला नाही. दोन याद्यांचा उशीर सांगायलाच हवा इतका मोठा नव्हता, पण 'वेळेवर' म्हणून खास कौतुक करावं इतकी ती बाजू चोखही नव्हती. छोट्या ओळीत काय गाळायचं हे ठरवायचा हक्क लिहिणाऱ्याला आहे. गाळलेल्या गोष्टीच्या उलट लिहायचा हक्क मात्र नाही. फोनवर बोलण्याबद्दल मी काहीच लिहिलं नाही, पण "संवादकौशल्य चांगले" असंही लिहिलं नाही. ती ज्या जागेसाठी अर्ज करत होती ती नोंदी तपासण्याची होती, म्हणून गाळणं योग्य होतं. जागा ग्राहकांशी बोलण्याची असती तर मी तिलाच फोन करून सांगितलं असतं, "तुझं हे काम मी फारसं पाहिलेलं नाही, त्याबद्दल मला लिहिता येणार नाही. दुसरं कुणी असेल तर बघ." हे बोलणं अवघड जातं, पण समोरून फोनवर थेट प्रश्न आला आणि मी अडखळले तर तिचं नुकसान जास्त.

कौतुकाच्या वेषातले शब्द

काळ दुरुस्त झाल्यावरही काही शब्द ओळीला आतून पोखरतात. ते लिहिताना आपल्या मनात काही वाईट नसतं.

'प्रयत्न केला' हा त्यातला पहिला. "त्यांनी नवीन पद्धत शिकण्याचा प्रयत्न केला" वाचणाऱ्याला कळतं की जमली नाही. जमली असेल तर "त्या नवीन पद्धत शिकल्या" असं लिहावं. ('त्यांनी शिकले' असं हल्ली कानावर पडतं, पण 'शिकणे'ला कर्ता 'ने' घेत नाही: ती शिकली, त्या शिकल्या.) 'सांगितलेले काम करत असत' यात आपल्याला आज्ञाधारकपणा सांगायचा असतो, वाचणाऱ्याला मात्र सांगितल्याशिवाय काही करत नव्हत्या असं ऐकू येतं. 'तशा हुशार' मधला 'तशा', 'बऱ्यापैकी' आणि 'कामही चांगले केले' मधला 'ही' हे एवढ्या-एवढ्याशा शब्दांत हात आखडता घेतात. मराठी वाचणारा हे शब्द लगेच टिपतो, कारण घरीदारी नापसंती सांगायला आपण हेच शब्द वापरतो.

दुसऱ्या टोकाला फुगवलेली क्रियापदं असतात. त्या मुलीने फोनवर विचारलं होतं, "मॅडम, टीम सांभाळली असं लिहाल का?" तिला वाटलं होतं की दोन नव्या इंटर्नना शिकवलं ते टीम सांभाळणंच. मी तिला म्हटलं, "अगं, सांभाळली लिहिलं तर किती जणांची, किती दिवस, हे विचारतील. तू जे केलंस तेच लिहिते, ते कमी नाहीये." आणि लिहिलं, "दोन नव्या इंटर्नना त्यांनी हे काम समजावून दिले." 'सांभाळणे', 'राबवणे', 'नेतृत्व करणे' ही क्रियापदं निर्णय कुणाच्या हातात होता ते सांगतात. 'मदत करणे' याच्या उलट टोकाला जातं, काम तिचं एकटीचं असलं तरी ते दुसऱ्याचं वाटायला लागतं. तक्रारींची यादी तिने एकटीने केली होती, तिथे 'मदत केली' लिहिणं तिच्यावर अन्याय झाला असता. 'केले', 'लावले', 'तपासले', 'समजावून दिले' ही साधी क्रियापदं बहुतेक वेळा सर्वांत खरी निघतात.

जाता जाता मेळाचं. सुरुवात 'तिने'ने आणि शेवट 'त्यांनी'ने असं होऊ नये. फोनवर मी तिला 'तू' म्हणते, ओळीत मात्र पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत 'त्या' आणि 'त्यांनी'. आणि 'त्यांनी' आलं म्हणून क्रियापद अनेकवचनी होत नाही, ते कर्माच्या मागे जातं: त्यांनी अहवाल तयार केला, यादी तयार केली, टिपण तयार केले. आदर दाखवायच्या भरात "त्यांनी अहवाल तयार केले" लिहिलं की एका अहवालाचे अनेक होतात. माझ्या मूळ ओळीत "त्यांनी कामे केली होती व तयार करत होत्या" असं होतं, तिथे तर एकाच 'त्यांनी'ला दोन वेगळ्या प्रकारची क्रियापदं जोडली होती. 'करत होत्या'ला 'त्या' हवं होतं, ते वाक्यात कुठेच नव्हतं.

पाठवण्याआधी करायची तपासणी

ओळ मोठ्याने वाचायची आणि प्रत्येक क्रियापदाशी थांबून "आणि आता?" असं विचारायचं. 'काम केले', आणि आता? संपलं, तारीख दिली आहे. 'वापरतो', आणि आता? वापरतोय. 'शिफारस करते', आणि आता? करतेच आहे. उत्तर सरळ आलं की काळ बरोबर आहे. 'प्रामाणिक होत्या', आणि आता? इथे जीभ अडली की ते वाक्य बदलायचं.

दुसऱ्यांदा वाचताना प्रत्येक वाक्यानंतर 'पण' म्हणून बघायचं. वाक्य 'पण'कडे आपणहून झुकत असेल तर त्यात 'केले होते', 'प्रयत्न' किंवा 'तशा' यांपैकी काहीतरी दडलेलं असतं.

या दोन वाचनांनंतर तिची ओळ अशी झाली:

"यांनी १ फेब्रुवारी ते ३१ मे २०२४ या काळात आमच्या विभागात इंटर्न म्हणून काम केले. त्यांनी ६१२ जुन्या तक्रारींची प्रकारवार यादी तयार केली; ती आम्ही आजही वापरतो. नोंदी तपासण्यातली त्यांची अचूकता मला विशेष जाणवली, आणि बारकाईच्या कामासाठी मी त्यांची खात्रीने शिफारस करते."

'भावी वाटचालीस शुभेच्छा' काढलं. निवड करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही, आणि शुभेच्छा मी तिला फोनवर दिल्याच. सोमवारच्या याद्या आणि नव्या इंटर्नना शिकवणं हे जागेअभावी गेलं. अर्जात जागा जास्त असती तर आधी शिकवण्याचं वाक्य परत घेतलं असतं, कारण तिथे तिने स्वतःहून पुढाकार घेतला होता.

'शिफारस करते' हे वर्तमानकाळात का चालतं, असं एका सहकाऱ्याने विचारलं. कारण ते मत माझं आहे आणि सही करताना मी ते देते आहे. "शिफारस केली" असं लिहिलं तर आता करत नाही असा अर्थ निघेल. 'बारकाईच्या कामासाठी' हे शब्द मात्र मी जाणूनबुजून घातले. नुसतं 'शिफारस करते' म्हटलं असतं तर ती कोणत्याही कामासाठी झाली असती, फोनवर बोलण्याच्या कामासाठीसुद्धा.

एक शेवटचा बिघाड ओळ पाठवल्यानंतर वर्षभराने उघडा पडतो. हीच ओळ पुढच्या अर्जालाही जोडली जाते, आणि तोवर आमची शीट बदललेली असू शकते. मग 'आजही वापरतो' खोटं ठरतं आणि फोन मलाच येतो. म्हणून ओळीखाली सहीजवळ दिनांक घालायचा, म्हणजे 'आज' म्हणजे कोणता दिवस ते वाचणाऱ्याला कळतं. आणि मुलीला सांगून ठेवायचं, "पुन्हा लागली तर आधी मला कळव, मी नव्या तारखेची करून देईन." तिने पुढच्या वेळी कळवलं. शीट तोवर खरंच बदलली होती, म्हणून 'ती आम्ही आजही वापरतो' काढून "तिच्यावरूनच आम्ही नंतर नवी नोंदपद्धत बसवली" असं केलं. बाकीच्या शब्दांना हात लावावा लागला नाही.